खरेदी आदेशांचे प्रक्रिया खनन

खरेदी आदेशांचे प्रक्रिया खनन (प्रोसेस मायनिंग) ही संस्थेच्या संगणक प्रणालीत साठलेल्या खरेदीविषयक नोंदींवरून प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या क्रमाने घडले हे शोधण्याची आणि तो क्रम ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. मागणीपत्र, मंजुरी, खरेदी आदेश, मालाची स्वीकृती, देयकाची नोंद आणि रकमेचे प्रदान या प्रत्येक टप्प्यावर प्रणालीत वेळेसह एक नोंद होते. एका खरेदीच्या अशा सर्व नोंदी कालक्रमाने जुळवल्या की त्या खरेदीचा मार्ग दिसतो. असे हजारो मार्ग एकत्र मांडले असता कार्यपद्धती कागदावर कशी आहे आणि व्यवहारात कशी चालते यांतील अंतर मोजता येते.

पारंपरिक लेखापरीक्षणात सामान्यतः निवडक नमुने तपासले जातात. या पद्धतीत मात्र ठरावीक काळातील सर्व खरेदी आदेश तपासता येतात. तिची मूळ मर्यादा अशी की, ती घटना पाहत नाही, घटनेची नोंद पाहते. त्यामुळे नोंदीतील प्रत्येक विसंगती म्हणजे नियमभंग नव्हे आणि कार्यपद्धतीशी तंतोतंत जुळणारी नोंद म्हणजे निर्दोष व्यवहारही नव्हे.

## पार्श्वभूमी

प्रक्रिया खननाचा पाया १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत घातला गेला. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रविद्यापीठातील विल व्हान डर आल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. घटनांच्या नोंदीवरून प्रक्रियेचा आराखडा काढणारी ‘अल्फा’ ही रीत त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तयार आराखडा आणि नोंद यांची तुलना करणारी शाखा विकसित झाली. तिला ‘अनुरूपता तपासणी’ म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः ही शाखा आहे. घटना-नोंदींची देवाणघेवाण एकाच स्वरूपात व्हावी म्हणून ‘एक्सईएस’ हे स्वरूप २०१६ मध्ये आयईईई या संस्थेचे मानक म्हणून स्वीकारले गेले.

खरेदीची प्रक्रिया या अभ्यासासाठी आरंभापासूनच सोयीची ठरली. तिचे टप्पे ठळक असतात, प्रत्येक टप्प्याला दस्तऐवज क्रमांक असतो आणि टप्पा कोणी पार पाडला हेही नोंदलेले असते.

## ठरवून दिलेली कार्यपद्धती

तुलनेसाठी प्रथम ‘काय व्हायला हवे’ हे निःसंदिग्धपणे मांडावे लागते. एका साध्या खरेदीची कार्यपद्धती पुढील सहा टप्प्यांची असते.

1. मागणीपत्र: विभाग आपली गरज नोंदवतो.
2. मंजुरी: अधिकारप्राप्त व्यक्ती खर्चास संमती देते.
3. खरेदी आदेश: पुरवठादारास वस्तू, संख्या, दर व मुदत कळवली जाते.
4. माल स्वीकृती: भांडारात माल मोजून, पाहून साठ्यात घेतला जातो.
5. देयक नोंद: पुरवठादाराचे बिल प्रणालीत चढवले जाते.
6. प्रदान: रक्कम अदा होते.

प्रदानापूर्वी आदेश, स्वीकृत माल आणि देयक यांतील संख्या व रक्कम एकमेकांशी जुळवली जाते. यास ‘त्रिपक्षी जुळणी’ म्हणतात. मागितले तेवढेच आले आणि आले तेवढ्याचेच पैसे दिले, हे तीन स्वतंत्र कागदांवरून सिद्ध व्हावे हा तिचा हेतू आहे. मागणी करणारा, मंजुरी देणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा या व्यक्ती वेगवेगळ्या असाव्यात, असाही दंडक असतो. त्यास कर्तव्यविभाजन म्हणतात.

## घटना-नोंद तयार करणे

प्रक्रिया खननासाठी प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी लागतात. ही घटना कोणत्या खरेदीची आहे, कोणते काम झाले आणि ते केव्हा झाले, हे कळले पाहिजे. काम करणारी व्यक्ती, रक्कम व पुरवठादार ही माहिती मिळाल्यास तपास अधिक नेमका होतो.

यातील पहिली गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. एका खरेदी आदेशात खुर्च्या, टेबले व कपाटे अशा तीन ओळी असू शकतात. खुर्च्या सोमवारी आल्या आणि कपाटे महिनाभराने आली, तर संपूर्ण आदेश हे एकक धरल्यास माल, देयक, पुन्हा माल, पुन्हा देयक असा गोंधळाचा मार्ग दिसतो. म्हणून सहसा आदेशातील एक ओळ हे एकक धरतात. मात्र असे केल्यास तिन्ही ओळींसाठी एकदाच दिलेली मंजुरी तीनदा मोजली जाते. एकक निवडताना कोणती चूक पत्करायची हे ठरवावे लागते आणि निवडलेले एकक अहवालात नमूद करावे लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. सॅप या प्रचलित प्रणालीत खरेदी आदेशाच्या ओळीवरील माल आणि देयक यांचा इतिहास `EKBE` या सारणीत असतो. तो काढण्याची साधी आज्ञा अशी:

```sql
SELECT EBELN, EBELP, VGABE, BELNR,
       BUDAT, CPUDT, CPUTM, ERNAM
FROM   EKBE
WHERE  VGABE IN ('1', '2')
ORDER  BY EBELN, EBELP, CPUDT, CPUTM;
```

येथे `EBELN` हा आदेशाचा आणि `EBELP` हा ओळीचा क्रमांक आहे. `VGABE` मधील १ म्हणजे माल स्वीकृती आणि २ म्हणजे देयक. `BUDAT` हा हिशेबासाठी धरलेला दिनांक असून तो कर्मचारी स्वतः भरू शकतो. `CPUDT` व `CPUTM` हे नोंद प्रत्यक्ष प्रणालीत झाल्याचे दिनांक व वेळ असून ते प्रणालीच उमटवते. घटनांचा क्रम लावताना दुसरी जोडी वापरतात. पहिल्या दिनांकाचे तिच्याशी असलेले अंतरही तपासायचे असते, कारण मागील दिनांक घालून केलेली नोंद त्यावरूनच ओळखू येते.

## तुलनेची रीत: एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. येरवडा (पुणे) येथील एका कार्यालयाने ४० खुर्च्या प्रत्येकी ४,५०० रुपये दराने, म्हणजे एकूण १,८०,००० रुपयांना घेतल्या. कार्यालयाची कार्यपद्धती वर दिलेल्या सहा टप्प्यांची आहे. प्रणालीतील नोंद मात्र अशी आहे:

| घटना | दिनांक व वेळ | नोंद करणारा |
|---|---|---|
| मागणीपत्र | ३ जून, १०:१५ | विभागातील लिपिक |
| खरेदी आदेश | ३ जून, १६:४० | खरेदी अधिकारी |
| देयक नोंद | १० जून, १२:०५ | लेखा लिपिक |
| मंजुरी | ११ जून, १७:३० | विभागप्रमुख |
| माल स्वीकृती | १४ जून, ११:२० | भांडारपाल |
| प्रदान | २८ जून, १५:०० | लेखाधिकारी |

टप्प्यांना क्रमांक दिल्यास कार्यपद्धती १-२-३-४-५-६ अशी आहे आणि नोंद १-३-५-२-४-६ अशी. अनुरूपता तपासणीत या दोन ओळी एकाखाली एक ठेवून जास्तीत जास्त टप्पे क्रमाने जुळवले जातात. येथे कसेही जुळवले तरी चारपेक्षा जास्त टप्पे जुळत नाहीत. उरलेले दोन टप्पे कार्यपद्धतीत ‘सुटलेले’ आणि नोंदीत ‘अधिकचे’ ठरतात. अशा प्रत्येक पावलास एक दोषांक धरल्यास एकूण दोषांक चार होतो. एकही टप्पा जुळला नसता तर सहा आणि सहा मिळून बारा दोषांक झाले असते. म्हणून या खरेदीची अनुरूपता १ − ४/१२, म्हणजे सुमारे ०.६७ येते.

हा आकडा किती बिनसले ते सांगतो, काय बिनसले ते सांगत नाही. चार टप्पे जुळवण्याचे येथे तीन वेगवेगळे मार्ग आहेत. १-३-५-६ जुळवले तर मंजुरी व माल स्वीकृती हे टप्पे जागचे हलले असे दिसते. १-३-४-६ जुळवले तर मंजुरी आणि देयक चुकीच्या जागी ठरतात. १-२-४-६ जुळवले तर मंजुरी योग्य ठरून खरेदी आदेश आणि देयक दोषी ठरतात. दोषांक तिन्ही वेळा चारच आहे. संगणक यांपैकी एक मार्ग निवडून दाखवतो आणि ती निवड पुष्कळदा केवळ योगायोगाची असते. त्यामुळे आलेखात ज्या टप्प्यावर खूण दिसते, त्या टप्प्यावरील कर्मचाऱ्यास थेट जबाबदार धरणे चुकीचे ठरते.

त्याऐवजी कोणत्या दोन टप्प्यांचा परस्परक्रम मोडला हे एकेक नियम घेऊन विचारणे अधिक उपयुक्त असते. या खरेदीत असे दोन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न देयक मालाच्या आधी नोंदले गेले हा आहे. पुरवठादाराने बिल आधी पाठवले आणि लेखा लिपिकाने ते आल्या दिवशी चढवले. रक्कम मात्र माल स्वीकारल्यावर चौदा दिवसांनी दिली गेली. ४० खुर्च्या मोजून घेतल्याची नोंद असल्याने त्रिपक्षी जुळणीचा हेतू साधला आहे. क्रम बदलला, परंतु नुकसानीची वाट उघडली नाही.

दुसरा प्रश्न मंजुरी आदेशानंतर आठ दिवसांनी आली हा आहे. शासकीय परिभाषेत हिला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. ती येण्याआधीच पुरवठादाराचे बिल आलेले असल्याने आदेश बाहेर गेला होता हे उघड आहे. विभागप्रमुखास नकार देण्याची खरी मोकळीक राहिली नव्हती. या खरेदीतील खरा नियमभंग हा आहे. दोन्ही विसंगतींना दोषांक सारखाच मिळाला, तरी त्यांचे वजन सारखे नाही.

### तंतोतंत जुळणारी नोंद

त्याच कार्यालयाची दुसरी काल्पनिक खरेदी १-२-३-४-५-६ अशा अचूक क्रमाने नोंदलेली आहे. तिची अनुरूपता पूर्ण १ येते. पहिले पाच टप्पे मात्र ३१ मार्चच्या सायंकाळी अर्ध्या तासात उरकलेले आहेत आणि प्रदान १० मे रोजी झाले आहे. पुरवठादाराच्या बिलावर २२ मार्च हा दिनांक आहे आणि फाटकावरील आवक नोंदवहीत माल २० मार्चला आल्याचे लिहिले आहे.

म्हणजे माल तोंडी सांगून आधीच आणवला गेला आणि मार्चअखेर कागद क्रमाने रचले गेले. मागणी, मंजुरी आणि आदेश हे तिन्ही टप्पे नावापुरते उरले. क्रमाची तपासणी येथे काहीच सांगत नाही. संशय येतो तो दोन गोष्टींवरून: टप्प्यांमधील अस्वाभाविक थोडा अवधी, आणि बिलाचा दिनांक आदेशाच्या दिनांकाआधीचा असणे. म्हणून बिलावरील दिनांक ही स्वतंत्र घटना म्हणून नोंदीत घेण्याची प्रथा आहे.

या खरेदीत पुरवठादाराचेही नुकसान दडलेले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म वा लघु उद्योगास रक्कम देण्यासाठी लेखी कराराने ठरवलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी हरकत घेतलेली नसल्यास माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. पुरवठादार लघुउद्योजक असून करार ४५ दिवसांचा असेल, तर मुदत २० मार्चपासून मोजून ४ मे रोजी संपते. प्रणालीतील नोंद ३१ मार्चपासून मोजते, म्हणून १० मेचे प्रदान तिला ४० दिवसांत झालेले दिसते. प्रत्यक्षात ५१ दिवस झालेले असतात. अशा विलंबावर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. नोंद विश्वासार्ह मानली, तर ते व्याज मागण्याचा आधारच दिसत नाही.

## २०१९ चा खरेदी नोंदसंच

खरेदी आदेशांचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला सार्वजनिक नोंदसंच २०१९ मध्ये खुला झाला. प्रक्रिया खननावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्या वर्षी जर्मनीतील आखेन येथे भरली आणि तिच्या निमित्ताने घेतलेल्या स्पर्धेसाठी तो प्रसिद्ध करण्यात आला. नेदरलँड्समधून कारभार चालवणाऱ्या, रंग व लेपद्रव्ये बनवणाऱ्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीचे खरेदी व्यवहार त्यात आहेत. पुरवठादार व वापरकर्ते यांची ओळख लपवलेली आहे. संचात ७६,३४९ खरेदी दस्तऐवजांतील २,५१,७३४ ओळी आणि १५,९५,९२३ घटना आहेत. कामांचे प्रकार ४२ आहेत. एवढ्या ओळींनी घेतलेल्या वेगवेगळ्या मार्गांची संख्या जवळपास १२,००० भरते.

मार्गांची एवढी संख्या पाहून कंपनीत शिस्तच नव्हती असा समज होऊ शकतो. तथापि कंपनीने आपल्या कार्यपद्धतीचे चार प्रकार असल्याचे संचासोबतच स्पष्ट केले होते.

| प्रकार | ओळी | अपेक्षित व्यवहार |
|---|---|---|
| त्रिपक्षी जुळणी, देयक मालानंतर | १५,१८२ | माल आल्यावरच देयक |
| त्रिपक्षी जुळणी, देयक मालाआधी चालते | २,२१,०१० | देयक आधी नोंदता येते, प्रदान रोखून धरले जाते |
| द्विपक्षी जुळणी | १,०४४ | माल स्वीकृतीची गरज नाही |
| पुरवठादाराच्या मालकीचा साठा | १४,४९८ | या आदेशावर देयक येतच नाही |

यांतील दुसऱ्या प्रकारात सुमारे ८८ टक्के ओळी मोडतात. तेथे देयक मालाआधी नोंदणे नियमाला धरून आहे. नोंदलेले देयक माल येईपर्यंत अडवून ठेवले जाते आणि नंतर कर्मचारी किंवा प्रणालीचे नियमित स्वयंचलित काम ती अडवणूक दूर करते. ‘प्रदानावरील रोख काढणे’ ही घटना संचात ५७,१३६ वेळा आली आहे. ती या रचनेचाच भाग आहे.

सहा टप्प्यांचा एकच सरळ आराखडा सर्व ओळींवर लावला असता, चौथ्या प्रकारातील १४,४९८ ओळींपैकी प्रत्येक ओळ ‘देयक नाही’ म्हणून दोषी ठरली असती. दुसऱ्या प्रकारात लवकर आलेले प्रत्येक देयकही दोषी ठरले असते. त्या गर्दीत पहिल्या प्रकारातील खरे नियमभंग हरवून गेले असते. म्हणून तपासणीचे पहिले पाऊल व्यवहारांची प्रकारवार विभागणी करणे आणि प्रत्येक प्रकारास त्याचा स्वतंत्र आराखडा लावणे हे असते.

या संचाने आणखी एक अडचण पुढे आणली. माल स्वीकृतीच्या घटना ३,१४,०९७ आहेत, म्हणजे ओळींपेक्षा अधिक. एका ओळीवरील माल अनेक खेपांत येतो. भाड्यासारख्या बाबतीत एकाच ओळीवर वर्षभरात बारा स्वीकृती आणि बारा देयके येऊ शकतात. कोणते देयक कोणत्या खेपेचे, हे केवळ क्रमावरून कळत नाही. पाचवे देयक चौथ्या स्वीकृतीनंतर आले तर ते पुढच्या महिन्याचे आगाऊ आहे की आधीच्याच महिन्याचे दुसऱ्यांदा आले आहे, हे रक्कम आणि देयक क्रमांक पाहूनच ठरवावे लागते.

## नोंदीतील दोष आणि त्यांची ओळख

विसंगती व्यवहारात आहे की नोंदीत, हे ठरवल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. वारंवार आढळणारे दोष पुढीलप्रमाणे आहेत.

वेळेची अपुरी माहिती. काही घटनांचा फक्त दिनांक उपलब्ध असतो. अशा वेळी प्रणाली ००:०० किंवा २३:५९ ही वेळ भरते. २०१९ च्या संचात पुरवठादाराने देयक बनवल्याच्या घटना २३:५९ या वेळेने येतात. त्यामुळे सकाळी बनलेले देयक त्याच दिवशी दुपारी आलेल्या मालानंतरचे दिसते. एकाच वेळेवर घटनांची अस्वाभाविक गर्दी झाली असेल, तर हा दोष ओळखता येतो. त्या दिवसापुरता क्रम अनिश्चित मानणे योग्य असते.

अशक्य दिनांक. त्याच संचातील व्यवहार मुख्यतः २०१८ चे असले तरी काही घटनांवर १९४८ हे वर्ष आहे. टंकनातील अशा चुका सरासरी कालावधीचा आकडा बिघडवतात. सर्वांत जुना आणि सर्वांत नवा दिनांक आधी पाहिला तर त्या लगेच सापडतात.

दोन घड्याळे. भांडारातील यंत्र भारतीय प्रमाणवेळेनुसार आणि लेखाप्रणाली जागतिक समन्वित वेळेनुसार नोंद करत असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. माल सकाळी ११:२० ला आला आणि देयक त्याच दिवशी दुपारी ३ वाजता नोंदले, तरी देयकाची नोंद ०९:३० अशी उमटते आणि ते मालाआधी आल्याचे भासते. एकाच दिवशी घडलेल्या जोड्यांतच क्रम उलटा दिसत असेल आणि अंतर साडेपाच तासांच्या आत असेल, तर प्रथम घड्याळे तपासावीत.

सामायिक खाते. भांडारातील तीन कर्मचारी एकाच नावाने प्रणालीत प्रवेश करत असतील, तर कर्तव्यविभाजनाची तपासणी निरर्थक ठरते. याच्या उलट, स्वयंचलित कामाचे खाते माणसाचे समजल्यास एकाच ‘व्यक्तीने’ हजारो देयके मोकळी केल्याचा आभास होतो. २०१९ च्या संचात अशी स्वयंचलित खाती वेगळी दाखवलेली आहेत.

## भारतीय संदर्भ

कंपन्यांच्या लेखाविषयक नियमांतील दुरुस्तीमुळे १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांना, हिशेब संगणकावर ठेवत असल्यास, प्रत्येक व्यवहाराचा मागोवा आणि प्रत्येक बदलाची दिनांकासह नोंद ठेवणारी लेखाप्रणालीच वापरावी लागते. ती नोंदसुविधा बंद करता येऊ नये, अशी अट आहे. प्रक्रिया खननास लागणारा कच्चा माल त्यामुळे मध्यम आकाराच्या कंपन्यांतही तयार होऊ लागला आहे. हा नियम हिशेबाच्या नोंदींपुरता आहे. मागणीपत्र आणि मंजुरी हे टप्पे पुष्कळदा लेखाप्रणालीबाहेर, ईमेलवर किंवा कागदी टिपणीवर होतात. ते नोंदीत नसल्यास ‘मंजुरी नाही’ हा निष्कर्ष काढता येत नाही. ‘मंजुरीची नोंद येथे नाही’ एवढेच म्हणता येते.

शासकीय खरेदीत अपेक्षित कार्यपद्धती लेखी स्वरूपात उपलब्ध असते. केंद्र शासनासाठी सामान्य वित्तीय नियम, २०१७ आहेत आणि महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी १ डिसेंबर २०१६ रोजीची खरेदी कार्यपद्धतीची नियमपुस्तिका आहे. केंद्राच्या नियमांनुसार माल घेताना तो मोजणे, मापणे किंवा वजन करणे आणि डोळ्यांनी तपासणे आवश्यक असते. वरिष्ठांची मंजुरी किंवा स्पर्धात्मक खरेदी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडण्यास त्यांत मनाई आहे.

## मर्यादा

तुकडे पाडलेली खरेदी ही या पद्धतीची मर्यादा दाखवते. समजा, मंजुरीची मर्यादा एक लाख रुपये आहे. १,८०,००० रुपयांच्या खुर्च्या ९०,००० रुपयांच्या दोन आदेशांत विभागल्या, तर प्रत्येक आदेशाचा मार्ग निर्दोष दिसतो. दोष एका मार्गात नसून दोन मार्गांच्या नात्यात असतो. तो शोधण्यासाठी तोच पुरवठादार, तीच वस्तू आणि जवळचे दिनांक असे आदेश एकत्र आणून त्यांची बेरीज मर्यादेशी ताडावी लागते. मार्गांच्या आलेखात हे दिसत नाही.

त्याचप्रमाणे ४० खुर्च्यांची स्वीकृती नोंदली असताना प्रत्यक्षात ३५ च आल्या असतील, तर घटनांचा क्रम, व्यक्ती आणि रकमा सर्व जुळूनही व्यवहार खोटा असतो. संगणकातील तिन्ही दस्तऐवज एकमेकांशी जुळतात, वस्तुस्थितीशी जुळत नाहीत. प्रक्रिया खनन हजारो आदेशांतून कोणते आदेश आधी उघडून पाहावेत हे सुचवते. त्यापुढे आवक नोंदवही पाहणे, संबंधित कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकणे आणि भांडारात जाऊन खुर्च्या मोजणे ही कामे तपासणाऱ्यालाच करावी लागतात.